इंग्रजी-इंग्रजी कोशातील नोंद कशी वाचावी

प्रश्न : माझे घर मराठी, पण शाळा इंदूरमधलीच, हिंदी माध्यमाची. इंग्रजी वर्तमानपत्र आणि सोप्या कादंबऱ्या मी वाचू शकते. आतापर्यंत इंग्रजी-हिंदी कोश वापरत आले. दोन महिन्यांपूर्वी इंग्रजी-इंग्रजी कोशाकडे वळले. पण एका शब्दाची व्याख्या वाचताना आणखी दोन शब्द अडतात आणि ते पाहायला गेले की तिसरा. अर्ध्या तासात चार शब्द होत नाहीत, आणि इतके करून शिकलेला शब्द मी वाक्यात वापरला की तो चुकतोच. माझे नेमके काय चुकते आहे?

उत्तर : तुमच्या दोन अडचणींची कारणे वेगळी आहेत. एका शब्दातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जावे लागत असेल, तर बहुधा हातातला कोश तुमच्यासाठी केलेला नाही. कळलेला शब्द वाक्यात चुकत असेल, तर नोंदीचा अर्धाच भाग वाचला जातो आहे. पहिली अडचण एका संध्याकाळी सुटते. दुसरीला काही आठवडे लागतात, म्हणून तिच्याविषयी मी अधिक लिहिणार आहे.

एकभाषी कोश दोन प्रकारचे असतात. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्यासाठी केलेल्या कोशात थोड्या जागेत अचूक अर्थ सांगण्यावर भर असतो, त्यामुळे सोप्या शब्दाचा अर्थ त्याहून अवघड शब्दांत दिलेला आढळतो. त्या वाचकाला ते अवघड शब्द ठाऊक असल्यामुळे त्याचे काही अडत नाही. दुसरा प्रकार आहे विद्यार्थी-कोशांचा, ज्यांना इंग्रजीत ‘लर्नर्स डिक्शनरी’ म्हणतात. त्यांत व्याख्या लिहिण्यासाठी सोप्या शब्दांची ठरावीक यादी असते आणि संपादक शक्यतो तिच्याबाहेर जात नाहीत. या प्रथेच्या आरंभीच्या कोशांपैकी एक मायकेल वेस्ट यांचा आहे. त्यांनी अविभाजित बंगालमध्ये, ढाक्याला, शिक्षक-प्रशिक्षणाचे काम केले होते, आणि १९३५ साली निघालेल्या त्यांच्या कोशातील सर्व व्याख्या सुमारे दीड हजार शब्दांत लिहिलेल्या होत्या. १९७८ साली आलेल्या लाँगमनच्या विद्यार्थी-कोशाने ही यादी सुमारे दोन हजार शब्दांची ठेवली. अशा कोशात यादीबाहेरचा शब्द वापरावाच लागला, तर तो वेगळ्या टाइपात छापून तुम्हाला सावध केले जाते. तुम्ही वर्तमानपत्र वाचता म्हणजे यादीतले बहुतेक शब्द तुम्हाला येतात. त्यामुळे व्याख्येतला शब्द अडणे हा तुमच्यासाठी क्वचित घडणारा प्रसंग असायला हवा.

तुमचा कोश कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखण्यासाठी त्यात तुम्हाला चांगले माहीत असलेले दहा शब्द काढा. खुर्ची, पाऊस, उधार घेणे, रागावणे, अशा रोजच्या गोष्टींचे इंग्रजी शब्द घ्या आणि त्यांच्या व्याख्या वाचा. दहापैकी तीन-चार ठिकाणी शब्दापेक्षा व्याख्याच अवघड वाटली, तर तो कोश काही वर्षांसाठी बाजूला ठेवा. मोबाइलवरच्या मोफत ॲपची हीच परीक्षा आधी घ्यावी, कारण त्यांतल्या अनेकांमध्ये प्रताधिकार संपलेल्या जुन्या कोशांची किंवा भाषासंशोधनासाठी केलेल्या शब्दसंग्रहांची सामग्री भरलेली असते आणि ती विद्यार्थ्यासाठी लिहिलेली नसते. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन आणि कोबिल्ड या चारही नावांचे विद्यार्थी-कोश मिळतात. मात्र ऑक्सफर्डच्या नावाने दोन्ही प्रकारचे कोश निघतात, म्हणून पुठ्ठ्यावर ‘लर्नर्स’ हा शब्द आहे ना, ते पाहून घ्यावे.

हिंदी कोशाविषयी येथेच एक गोष्ट सांगतो, कारण इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील विद्यार्थ्यांमध्ये ती मी वारंवार पाहिली आहे. फादर कामिल बुल्के यांचा १९६८ सालचा अंग्रेजी-हिंदी कोश आमच्या पिढीच्या कित्येक घरांत होता आणि त्याचे ऋण मोठे आहे. पण मराठी मुलाला तो वापरताना दोन पायऱ्या उतराव्या लागतात. ‘अमेंडमेंट’ या शब्दाला हिंदीत ‘संशोधन’ म्हणतात. घरी मराठी बोलणारा मुलगा तो हिंदी शब्द मराठी अर्थाने वाचतो आणि राज्यघटनेतील दुरुस्ती त्याच्या मनात राज्यघटनेवरचे संशोधन होऊन बसते. ‘शिक्षा’ आणि ‘चेष्टा’ या शब्दांचेही असेच होते. मधली भाषा गळून पडणे हा तुमच्या बाबतीत एकभाषी कोशाचा मोठा लाभ आहे.

आता व्याख्या वाचण्याकडे येऊ. ‘ट्रज’ हे क्रियापद घ्या. समजा, तुम्हाला ते अशा वाक्यात भेटले : ‘द चिल्ड्रन ट्रज्ड होम थ्रू द रेन.’ विद्यार्थी-कोशातील व्याख्या साधारण अशी असेल : ‘टु वॉक स्लोली अँड विथ एफर्ट, एस्पेशली बिकॉज यू आर टायर्ड ऑर कॅरिंग समथिंग हेवी.’ कोशागणिक शब्द थोडे बदलतील, पण घडण अशीच राहील. यात एकही शब्द तुम्हाला नवा नाही. तरीही माझ्या वर्गात या व्याख्येवरून लिहिलेली दोन वाक्ये मला आठवतात. एका मुलीने लिहिले की नववधू मंडपात ‘ट्रज’ करत आली. एका मुलाने लिहिले की पायाला प्लास्टर असलेला त्याचा भाऊ ‘ट्रज’ करत दाराशी आला. दोघांनी व्याख्या मन लावून वाचली होती आणि दोघांची वाक्ये चुकली.

मुलीने व्याख्येतला ‘वॉक स्लोली’ एवढाच तुकडा उचलला होता. तेवढ्या तुकड्याचे वाक्य तिला करता येत होते, म्हणून तिने ते केले आणि त्यातल्या ओळखीच्या शब्दांच्या जागी नवा शब्द बसवला. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की अमेरिकेतील जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया यांनी १९८७ साली शाळकरी मुलांच्या शब्दशिक्षणावर लिहिलेल्या लेखात तिचे नमुने दिले आहेत. ‘इरोड’ म्हणजे झिजवणे, कुरतडून खाणे. कोशात या शब्दाच्या अर्थात ‘ईट आउट’ हे शब्द आले होते. बाहेर जेवायला जाण्यालाही इंग्रजीत ‘ईट आउट’ म्हणतात. म्हणून एका मुलाने लिहिले, ‘अवर फॅमिली इरोड्स अ लॉट.’ आमचे कुटुंब नेहमी बाहेर जेवायला जाते, असे त्याला म्हणायचे होते. ही मुले इंग्रजी बोलणारीच होती. त्यामुळे ओळखीचा तुकडा उचलण्याच्या सवयीचा इंग्रजी कच्चे असण्याशी संबंध नाही. ती वाचण्याची सवय आहे आणि बदलता येते.

ती बदलण्यासाठी व्याख्या तोडून वाचावी लागते. आधी जात शोधा : ही कोणत्या प्रकारची गोष्ट आहे? ‘ट्रज’ची जात ‘वॉक’, म्हणजे हे एक चालणे आहे. मग वेगळेपण शोधा : कोणते चालणे? येथे ‘स्लोली’ आणि ‘विथ एफर्ट’ या दोन अटी आहेत आणि त्यांच्यामध्ये ‘अँड’ आहे. ‘अँड’ असेल तर दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. नववधू सावकाश चालते, पण ती कष्टाने पाय उचलत नाही. तिथेच वाक्य पडले. पुढे ‘टायर्ड’ आणि ‘कॅरिंग समथिंग हेवी’ यांच्यामध्ये ‘ऑर’ आहे, त्यामुळे त्यांपैकी एकही पुरे. आणि या दोन्हींच्या आधी ‘एस्पेशली’ आहे. हा छोटा शब्द विद्यार्थी हमखास वगळतात. ‘एस्पेशली’ किंवा ‘युज्वली’ यांच्या पुढे येते ती अट नसते, ते नेहमीचे चित्र असते. चिखलामुळे किंवा बर्फामुळे कोणी जड पावलांनी चालत असेल, तर तो थकलेला नसला तरी ‘ट्रज’ चालेल. पण नेहमीचे चित्र थकव्याचे, ओझ्याचे, लांब वाटेचे आहे, आणि वाचणाऱ्याच्या मनात तेच उभे राहते.

प्लास्टरवाल्या भावाचे वाक्य यापेक्षा अवघड आहे. तो सावकाश चालत होता आणि कष्टानेही चालत होता. व्याख्येच्या अटींनी त्याला अडवले नाही. अडचण अशी की दुखऱ्या पायाने चालण्यासाठी इंग्रजीत ‘लिम्प’ हा वेगळा शब्द आहे, आणि तो असल्यामुळे ‘ट्रज’ त्या जागी बसत नाही. व्याख्या एकट्या शब्दाची हद्द सांगते. शेजारच्या शब्दाने ती हद्द कुठे तोडली आहे हे ती सांगत नाही. त्यासाठी चांगल्या विद्यार्थी-कोशांत जवळच्या शब्दांची तुलना करणारी चौकट असते, आणि ‘वॉक’ या साध्या शब्दाच्या नोंदीत तुम्हाला चालण्याची पाच-सहा क्रियापदे एकत्र भेटू शकतात. म्हणून अवघड शब्द पाहून झाला की त्याच्या जातीचा सोपा शब्दही उघडून पाहावा. दोन मिनिटांचे काम आहे आणि फार थोडे लोक ते करतात.

एवढे झाल्यावर मूळ वाक्याकडे परत जा आणि शब्दाच्या जागी व्याख्या ठेवून वाचा. पावसात मुले सावकाश, जड पावलांनी घरी आली. बसते. आता स्वतःला मराठीत एक प्रसंग सांगा. प्रतिशब्द नव्हे, प्रसंग. परीक्षेहून परतणारी, दप्तरे भिजलेली, पाय ओढत चालणारी मुले तुमच्या डोळ्यांसमोर आली, तर शब्द कळला आहे. नुसते ‘चालणे’ आठवले, तर तो अजून कळलेला नाही, मग व्याख्या कितीदाही वाचलेली असो.

कोबिल्ड वापरत असाल तर एक फरक लक्षात ठेवा. १९८७ साली बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली निघालेल्या या कोशात व्याख्या पूर्ण वाक्यात असते : तुम्ही जर एखादी गोष्ट अमुक केली, तर तुम्ही ती अशी करता. ती मूळ वाक्यात उचलून ठेवता येत नाही, पण शब्द कोणासाठी वापरतात आणि त्याच्यापुढे काय येते हे तिच्यातच दिसते. सुरुवातीला मला स्वतःला ती पद्धत लांबट वाटली होती; शिकवताना मात्र तिचा उपयोग कळला.

आता उदाहरण-वाक्ये. तुम्ही वाक्यात चुकता याचे मुख्य कारण माझ्या मते येथे आहे. बहुतेक विद्यार्थी उदाहरण वाचतात ते अर्थ पक्का करण्यासाठी. अर्थ कळला की उदाहरणे सोडून देतात. उदाहरणाचे मोठे काम वेगळे आहे. शब्द कोणाच्या सोबतीने आणि कोणत्या रचनेत येतो हे ते दाखवते. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि त्यांचा कोश १९४२ साली प्रथम टोकियोत छापला गेला. त्यांनी त्यात क्रियापदांच्या रचनांना जी जागा दिली ती याच कारणाने : परदेशी विद्यार्थ्याला अर्थ कळतो, पण त्या क्रियापदापुढे काय ठेवावे हे कळत नाही.

‘अफोर्ड’ हा शब्द पाहा. तुम्हाला तो येतोच : परवडणे. पण मराठीत परवडते ती वस्तू. ‘हे घर मला परवडत नाही’ या वाक्यात कर्ता घर आहे, आणि क्रियापद सरळ वर्तमानकाळात, एकटे उभे आहे. ही रचना मनात ठेवून मुले ‘धिस हाउस डझ नॉट अफोर्ड मी’ असे लिहितात, किंवा थोडे सुधारून ‘आय डोन्ट अफोर्ड धिस हाउस’ असे लिहितात. व्याख्येतून दुसरे वाक्य सुधारणे कठीण आहे. आता कोणत्याही विद्यार्थी-कोशातली या शब्दाची पाच-सहा उदाहरणे एकाखाली एक वाचा आणि अर्थाकडे न पाहता फक्त क्रियापदाच्या आधीच्या शब्दावर बोट ठेवत चला. ‘कान्ट’, ‘कुडन्ट’, ‘कॅन’, ‘कुड’, ‘एबल टु’. एका उदाहरणात दिसले तर तो योगायोग मानता येईल. सगळ्यांत दिसते तेव्हा तो या शब्दाचा स्वभाव आहे. कर्ता पाहा : प्रत्येक ठिकाणी माणूस, कुटुंब, एखादी संस्था. क्रियापदापुढे पाहा : एक तर वस्तू, नाही तर ‘टु’ आणि दुसरे क्रियापद.

मग त्याच नोंदीतला दुसरा अर्थ वाचा. ‘वी कान्ट अफोर्ड टु वेट’ या वाक्यात पैशाचा प्रश्न नाही. थांबलो तर नुकसान होईल, एवढेच म्हणायचे आहे. मराठीतही ‘आता थांबणे परवडणार नाही’ असे आपण म्हणतो, त्यामुळे अर्थ लगेच पटतो. रचना मात्र पुन्हा तीच, आधी ‘कान्ट’. तिसऱ्या अर्थाशी औपचारिक वापराची खूण असेल : राजवाड्यासमोरच्या एखाद्या गच्चीवरून चौक छान दिसतो हे सांगताना ‘द टेरेस अफोर्ड्स अ व्ह्यू’ असे लिहितात. येथे कर्ता निर्जीव आहे आणि ‘कॅन’ची गरज नाही. म्हणजे रचना बदलली की अर्थ बदलला. वर्तमानपत्रात हे क्रियापद ‘कॅन’शिवाय भेटले, तर पहिला अर्थ ताणून बसवण्याआधी हा तिसरा अर्थ पाहावा. विद्यार्थी-कोशात अर्थ साधारणपणे वापराच्या वारंवारतेने लावलेले असतात, म्हणून पहिला अर्थ बहुधा उपयोगी पडतो. पण तुमच्या पातळीवर जे शब्द अडतात ते पुष्कळदा ओळखीच्याच शब्दांचे तिसरे-चौथे अर्थ असतात. पहिली ओळ वाचून कोश मिटू नये.

उदाहरणांत जे नाही तेही वाचावे लागते. ‘सजेस्ट’ची नोंद पाहा. ‘शी सजेस्टेड गोइंग बाय ट्रेन’, ‘शी सजेस्टेड दॅट वी गो बाय ट्रेन’, ‘शी सजेस्टेड अ प्लॅन टु मी’ अशा धर्तीची वाक्ये मिळतील. ‘शी सजेस्टेड मी टु गो’ असे वाक्य उदाहरणांत मिळणार नाही, कारण इंग्रजीत ती रचना चालत नाही. ‘तिने मला जायला सुचवले’ हे मराठी वाक्य मात्र आपल्याला थेट तिकडेच नेते. काही कोश ही चूक चौकटीत दाखवतात, पण सगळ्या शब्दांसाठी अशी चौकट नसते. म्हणून वाक्य लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारा : मी जी रचना वापरणार आहे ती येथे एकदा तरी छापलेली आहे का? पाच-सहा उदाहरणांत ती नसेल तर ती चूकच आहे असे सिद्ध होत नाही, पण जी छापलेली आहे ती वापरणे सुरक्षित. नामांच्या बाबतीत हेच काम चौकटी कंसातली ‘सी’ आणि ‘यू’ ही अक्षरे करतात. ‘अ‍ॅडव्हाइस’पुढे ‘यू’ आहे, म्हणजे त्याचे अनेकवचन होत नाही, आणि मराठीतल्या ‘सल्ले’ या शब्दावरून तुम्ही ‘अ‍ॅडव्हाइसेस’ लिहीत असाल तर ते तेथेच थांबते.

स्वतःचे वाक्य लिहिताना एकदम नवे वाक्य रचू नका. कोशातले उदाहरण घ्या आणि पहिल्या वेळी त्यातले फक्त एक नाम बदला. दुसऱ्या वेळी कर्ता आणि काळ बदला. तिसऱ्या वेळी तुमच्या आयुष्यातले वाक्य लिहा. ‘वी कान्ट अफोर्ड अ न्यू कार’मधून ‘वी कान्ट अफोर्ड अ बिगर फ्लॅट’, मग ‘माय पेरेंट्स कुडन्ट अफोर्ड अ टेलिफोन’, आणि शेवटी तुमचे स्वतःचे. तिसरे वाक्य चुकले तर पहिल्या दोनांशी ताडून चूक कुठे शिरली हे तुमचे तुम्हाला सापडते. एकदम लिहिलेल्या वाक्यात ते सापडत नाही.

हे सगळे प्रत्येक शब्दाला करता येणार नाही आणि करू नये. कादंबरीच्या एका पानावर दहा शब्द अडले, तर ज्यांच्यावाचून पुढचे कळत नाही असे दोन-तीनच पाहा, आणि वर सांगितलेली पूर्ण पद्धत दिवसाला चार-पाच शब्दांपुरती ठेवा. पहिले दोन-तीन आठवडे एका शब्दाला सहा-सात मिनिटे लागतील. पुढे जात आणि अटी आपोआप दिसू लागल्या की दोन मिनिटे पुरतात. व्याख्येत अनोळखी शब्द आलाच तर तो एकदा पाहावा. त्याच्याही व्याख्येत अडलात तर तिथून परत फिरावे आणि हिंदी किंवा मराठी कोश उघडावा.

तुमचा जुना कोश माळ्यावर टाकू नका. वस्तू, झाडे, प्राणी, आजार आणि हत्यारे यांच्या नावांसाठी तोच बरा. ‘हिंज’ची व्याख्या वाचून दाराला जोडलेला, दार फिरवणारा धातूचा तुकडा जुळवत बसण्यापेक्षा ‘बिजागरी’ हा एक शब्द पुरे, आणि ‘ऑटर’चे वर्णन कितीही वाचले तरी ‘पाणमांजर’ म्हटल्याशिवाय प्राणी समोर येत नाही. येथे हिंदी शब्दही अनोळखी निघू शकतो, म्हणून एक लहानसा इंग्रजी-मराठी कोश जवळ असावा. क्रियापदे, विशेषणे आणि भाववाचक नामे मात्र आधी विद्यार्थी-कोशातच पाहा, आणि मराठी प्रतिशब्द हवाच असेल तर तो व्याख्या व उदाहरणे वाचून झाल्यावर, स्वतः सुचवून, मग कोशाशी ताडून घ्या.